मास्तरांच्या घरी आलेलं पत्र: एका सांत्वनपत्राच्या अनुवादाचं प्रकरण

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात विणकाम खात्याचे मास्तर वारले. मूत्रपिंडाचा आजार होता, वर्षभर डायलिसिस चालू होतं. कारखान्याचा बराचसा माल इंग्लंडमधला एक खरेदीदार उचलतो. त्याने बातमी कळल्यावर मास्तरांच्या पत्नीच्या नावाने एक पानभर इंग्रजी पत्र ईमेलने पाठवलं. कारखान्यातल्या एक्स्पोर्टच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाने त्याच दिवशी त्याचं मराठी करून दिलं. मास्तरांच्या थोरल्या मुलाने ते वाचलं, घरात कुणाला दाखवलं नाही, आणि मूळ पत्र व मराठी मसुदा असे दोन्ही कागद घेऊन तो माझ्याकडे आला. मी अनुवादक. माझं रोजचं काम म्हणजे जन्मदाखले, सातबारा उतारे, लग्नाचे दाखले, कधीतरी एखादं खरेदीखत. सांत्वनपत्र क्वचितच येतं. कुणाचीही नावं इथे देत नाही. मास्तरांना मास्तरच म्हणतो.

मूळ पत्राचा मजकूर आधी थोडक्यात सांगतो. पहिल्या परिच्छेदात बातमी ऐकून धक्का बसला, ते यातून उठतील अशी आम्हा सर्वांना आशा होती, पण 'ही लॉस्ट हिज बॅटल', आणि मग 'वी आर सो सॉरी फॉर युअर लॉस'. दुसऱ्यात मास्तरांच्या स्वभावाचं वर्णन: 'द मोस्ट स्टबर्न मॅन आय एव्हर हॅड द प्लेझर ऑफ आर्ग्युइंग विथ'. सोबत एक किस्सा. दोन लॉटच्या रंगात फरक आहे म्हणून मास्तरांनी माल अडवून धरला, खरेदीदार साहेब चिडले, आणि शेवटी मास्तर बरोबर ठरले. तिसऱ्या परिच्छेदात एका जानेवारीतल्या सोलापूर भेटीची आठवण. मिरवणुकीत उंच सजवलेले खांब पाहिले, मास्तर पांढऱ्या अंगरख्यात होते, नंतर त्यांच्या घरी जेवण झालं, लाल तिखट चटणी खाल्ली, आणि त्यावर एक विनोद: 'आय हॅव स्टिल नॉट रिकव्हर्ड'. शेवटी अंत्यविधीला येता आलं नाही याची खंत, 'अवर थॉट्स आर विथ यू', काही लागलं तर संकोच करू नका, आणि 'विथ डीपेस्ट सिंपथी' म्हणून सही.

आता एक्स्पोर्टच्या मुलाचा मसुदा. त्यातली काही वाक्यं जशीच्या तशी देतो:

'प्रिय मिसेस ……, …… आपल्या आजाराशी लढाई हरले हे कळून आम्हाला धक्का बसला. तुमच्या नुकसानीबद्दल आम्हाला खूप खेद आहे. मी वाद घालण्याचा आनंद घेतलेले ते सर्वात हट्टी मनुष्य होते. त्यांच्या घरच्या चटणीतून मी अजून बरा झालेलो नाही. आमचे विचार तुमच्यासोबत आहेत. आम्ही काही करू शकत असल्यास कृपया अजिबात संकोच करू नका. गहन सहानुभूतीसह.'

व्याकरणाची एकही चूक नाही, एकही शब्द सुटलेला नाही. तरी मुलाला ते आईपुढे ठेववेना. त्याला विचारलं तर म्हणाला, 'साहेब तसा बोलत नाही हो. तो चांगला माणूस आहे.' म्हणजे माणूस त्याला इंग्रजीत दिसत होता आणि मराठीत तो बदललेला होता. अनुवादकाला यापेक्षा नेमकी तक्रार मिळत नाही.

हात घालण्यापूर्वी मी मुलाला विचारलं, की हे पत्र कोण वाचणार आणि कुठे. उत्तरावर पुष्कळ गोष्टी ठरल्या. कुटुंब लिंगायत. घरात बोलणं कानडी, शाळा मराठी. आईला मराठी वाचता येतं, पण डोळ्यांमुळे ती सावकाश वाचते. शिवगणाराधनेच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीच्या दिवशी घरी नातेवाईक आणि कारखान्यातली माणसं येणार, त्यांच्यासमोर मास्तरांची पुतणी पत्र मोठ्याने वाचणार. कारखान्यातले निम्मे कामगार तेलुगू बोलणारे पद्मशाली. सोलापुरात मराठी ही अशी सगळ्यांची सामाईक भाषा असते, आणि अशा जमावात संस्कृतने जड झालेलं वाक्य कानावरून निघून जातं. तेव्हा पत्र कानाला कळलं पाहिजे हे पहिलं ठरलं. म्हणूनच 'गेल्याचे समजले' ऐवजी 'गेल्याचं कळलं' असं बोलण्यातलं रूप घेतलं. कारखान्याच्या मालकांना ते जरा सैल वाटलं. त्यांना 'दुःखद निधनाचे वृत्त' हवं होतं. मी म्हटलं, तो मायना वर्तमानपत्रात शोभतो. इथे एक ओळखीचा माणूस घरच्या बाईंशी बोलतोय.

आपल्याकडे दुःखाच्या पत्राला स्वतःची शिस्त आहे, आणि ती मायन्याच्याही आधी, कागदापासून सुरू होते. माथ्यावर 'श्री' घालत नाहीत. पूर्वी तर असं पत्र वाचून झालं की फाडून टाकत, घरात ठेवत नसत. कारखान्यात हे पत्र लेटरहेडवर छापायची तयारी झाली होती, आणि सोलापुरातल्या कितीतरी लेटरहेडांप्रमाणे त्याच्याही माथ्यावर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' होतं. ते मी थांबवलं. एक तर पत्र कारखान्याचं नाही, खरेदीदाराचं आहे. दुसरं, 'प्रसन्न' या शब्दाखाली मृत्यूची वार्ता कुणालाच रुचली नसती. साधा कोरा कागद घेतला.

मायन्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. इंग्रजीत 'डिअर' अनोळखी माणसालाही लागतं, तो निव्वळ रिवाज आहे. मराठीत 'प्रिय' मात्र अजून जवळिकीचा शब्द आहे, आणि परपुरुषाने नुकत्याच विधवा झालेल्या बाईंना तो लावणं सभेत खटकलंच असतं. 'सौ.' आता चालणार नव्हतं. घरातल्या एका वडीलधाऱ्या काकांनी 'गं. भा.' सुचवलं. गंगा भागीरथी हा जुना आदरार्थी उल्लेख आहे, पण तो बाईला पहिल्याच शब्दात तिच्या वैधव्याची आठवण करून देतो. 2023च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी हा शब्द वापरण्याबाबत विभागाकडे प्रस्ताव मागितला, तेव्हा केवढी टीका झाली हे अनेकांना आठवत असेल. 'श्रीमती' सरळ आणि पुरेसा. मुलाला 'वहिनी' हवं होतं, कारण मास्तर आणि साहेब भावासारखे होते. भावना खरी होती, पण साहेबाने 'मिसेस' आणि पुढे आडनाव लिहिलं होतं. त्याने न जोडलेलं नातं मी जोडणं बरोबर नव्हतं. 'आदरणीय श्रीमती …… यांना' यावर सगळे थांबले. 'सप्रेम नमस्कार' ऐवजी 'सविनय नमस्कार' घेतला, आणि 'विनंती विशेष' ही पुढची शेपटी गाळली. ती खुशालीच्या पत्रासाठी असते.

मास्तरांचा उल्लेख हा याच गाठीचा दुसरा पदर. साहेबाने त्यांना सरळ पहिल्या नावाने संबोधलं होतं. इंग्रजीत ती मैत्री. मराठीत मात्र बायकोला लिहिलेल्या पत्रात नवऱ्याचं नुसतं नाव, पुढे 'राव' नाही की 'अण्णा' नाही, म्हणजे सरळ उणावल्यासारखं. 'तुमचे दिवंगत पती' म्हटलं तर विमा कंपनीचं पत्र. मी एक्स्पोर्टच्या टेबलावरून साहेबाला दोन-तीन प्रश्न पाठवले, त्यातला पहिला हाच होता. त्याने कळवलं, की कारखान्यात सगळे म्हणतात म्हणून तोही त्यांना 'मास्टर' म्हणायचा. मग प्रश्नच मिटला. 'मास्तर' हा शब्द साहेबाच्या तोंडचा होता, बाईंच्या कानाच्या ओळखीचा होता, आणि कामगारांच्या तर रोजचाच. पाठवणाऱ्याला विचारण्याची सोय असेल तर ती सोडू नये. दाखल्यांच्या कामात ही चैन कधी मिळत नाही.

'कैलासवासी' घालायचं का, असंही विचारलं गेलं. मृत्यूनंतरच्या उल्लेखाला मराठीत धर्मपंथाप्रमाणे वेगवेगळे शब्द आहेत. जैन कुटुंबं 'अरिहंतशरण' म्हणतात, मुस्लिमांसाठी मराठी पत्रांतून 'पैगंबरवासी' येतं, बौद्ध घरांत 'कालकथित', वारकऱ्यांत 'वैकुंठवासी', आणि लिंगायतांत 'लिंगैक्य'. घरच्यांनी छापलेल्या पत्रिकेत 'लिंगैक्य' होतं आणि ते तिथे योग्यच होतं. पण इंग्लंडच्या साहेबाच्या तोंडी 'लिंगैक्य' घातलं असतं तर सभेत कुणीतरी हळूच विचारलं असतं, की हे यांनी खरंच लिहिलंय का. ती शंका एकदा आली की बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो. म्हणून साधं 'गेले'. हाच हिशेब 'लेड टू रेस्ट'ला लावला. मसुद्यात 'त्यांना अग्नी दिला तेव्हा' असं झालं होतं. लिंगायतांत दफन करतात. हे वाक्य वाचलं गेलं असतं तर घरच्यांना फार लागलं असतं. सोलापुरात कुणाच्याही अंत्ययात्रेला जाण्याला 'मातीला जाणं' म्हणतात, पण तेही साहेबाच्या तोंडी नको. 'अंत्यविधी' कुणालाही चालतो.

आता पहिल्या परिच्छेदाचं दुखणं, म्हणजे 'लॉस'. इंग्रजीत या एका शब्दात माणूस गमावल्याचं सारं काही मावतं. मराठीत 'नुकसान' म्हटलं की डोळ्यांसमोर भिजलेला माल आणि भरपाईचा अर्ज येतो, त्यात हे कारखान्याचं गाव. माणसाच्या जाण्यासाठी मराठी वेगळ्या दिशेने बोलते: दुःख घरावर कोसळतं, आणि बाहेरचा माणूस त्या दुःखात 'सहभागी' होतो. 'खेद' तर इथे पूर्ण चुकीचा. तो गाडी उशिरा धावत असल्याबद्दल व्यक्त करतात. 'लढाई हरले' मी गाळलंच. वर्षभर आठवड्यातून दोनदा-तीनदा सुया टोचून घेतलेल्या माणसाच्या घरी 'हरले' हा शब्द कसा वाचायचा? 'मृत्यूशी झुंज अपयशी' हे बातमीतलं वाक्यही त्याच माळेतलं. साहेबाच्या मनात पराभव नव्हता, आजार मोठा होता एवढंच होतं. ते 'आजार मोठा होता' अशा शब्दांत येतं.

'स्टबर्न'वर माझा आणि मुलाचा खरा वाद झाला. त्याचं म्हणणं, काढून टाका. गेलेल्या माणसाला कुणी हट्टी म्हणतं का. आपल्याकडे मृत्यूनंतर गुणच बोलायचे असतात, आणि श्रद्धांजलीच्या फलकावर प्रत्येक जण मनमिळाऊ, हसतमुख आणि दानशूर असतो. त्यामुळे तिथे कुणीच ओळखू येत नाही. इंग्रजी सांत्वनपत्राची रीत उलट आहे. त्यात गेलेल्या माणसाचा एखादा खोडकर, खराखुरा तपशील मुद्दाम येतो, आणि तोच पत्राचा गाभा असतो. तो काढला तर उरतात फक्त दोन्ही टोकांची ठरलेली वाक्यं. मी मुलाला म्हटलं, गुण तोच राहील, फक्त नाव बदलू. 'हट्टी', 'हेकट', 'अडेलतट्टू' हे शब्द मराठीत दोष सांगतात. 'पटलं नाही की तसूभर हलत नसत' हे मात्र कौतुकही आहे आणि खरंही. मग 'प्लेझर ऑफ आर्ग्युइंग'. मसुद्यात त्याचा 'आनंद घेतलेले मनुष्य' असा गोळा झाला होता. ते वाक्य मोडून दोन केली. मराठीत असं कौतुक एका दमात नीट येत नाही, आधी दुसऱ्यांची गोष्ट सांगून मग 'पण मास्तरांशी' असं वळावं लागतं.

किस्सा मात्र पूर्ण ठेवला, थोडा उघडूनच. मूळात तो एका लांब वाक्यात होता. मोठ्याने वाचताना ऐकणाऱ्याला लॉट, शेड, कंटेनर आणि राग हे सगळं एकापाठोपाठ एक मिळायला हवं. शिवाय ऐकणारे विणकर. रंगातला फरक दिव्याखाली दिसत नाही आणि उन्हात दिसतो हे त्यांना सांगावं लागत नाही. मूळात 'इन द डेलाइट' एवढंच होतं, मी 'उन्हात' केलं. 'शेड' आणि 'लॉट' तसेच ठेवले, कारण कारखान्यात दुसरे शब्दच नाहीत. 'रंगछटा' म्हटलं असतं तर खात्यातल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं असतं.

जानेवारीतली मिरवणूक म्हणजे अर्थातच सिद्धेश्वराची यात्रा, आणि 'टॉल डेकोरेटेड पोल्स' म्हणजे नंदीध्वज. साहेबाला नाव ठाऊक नव्हतं म्हणून त्याने वर्णन केलं. मराठीत 'उंच सजवलेले खांब' ठेवणं म्हणजे सोलापूरकरांना त्यांचंच दैवत अनोळखी करून सांगणं. इथे वर्णनाच्या जागी नाव घालणं हे भर घालणं नाही, कारण वस्तू तीच आहे. 'व्हाइट ट्यूनिक' मात्र मी मुलाला विचारून पक्कं केलं. सदरा असेल, झब्बा असेल. तो म्हणाला, बाराबंदी. अप्पा दरवर्षी नंदीध्वजाच्या सेवेत असायचे. बाराबंदी हा त्या सेवेचाच पोशाख. तो शब्द आला आणि त्या परिच्छेदातला मास्तर एकदम ओळखीचा झाला.

चटणीच्या विनोदावर कुणाचंच दुमत नव्हतं, की तो जसाच्या तसा जाता कामा नये. 'अजून बरा झालो नाही' हे वाक्य वर्षभराच्या दुखण्यानंतर माणूस गेलेल्या घरात! इंग्रजी घरातही ते जरा धाडसाचंच, पण तिथे ते खपतं. विनोद मारायचाही नव्हता, कारण बाईंना साहेबाची ती दुपार आठवत होती. विनोदाचा मुद्दा आजार नव्हता, तिखटाचा झटका होता. शेंगाचटणीने ठसका लागतो, तर 'तो ठसका अजून आठवतो' म्हटलं. हसू राहिलं, आजारपण गेलं.

शेवटच्या परिच्छेदात दोन अडचणी होत्या आणि दोन्ही भर घालण्याच्या मोहाच्या. 'अवर थॉट्स आर विथ यू' याचं 'आमचे विचार तुमच्यासोबत' हे हल्ली सर्रास दिसतं, पण मराठीत विचार कुणासोबत राहत नाहीत. सोबत माणसं राहतात किंवा आठवण येते. इथे हात आपोआप 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो' कडे जातो. पण साहेबाने देवाचं नाव घेतलं नव्हतं. नुसते 'थॉट्स' लिहिले होते, 'प्रेयर्स' नव्हे. इंग्रजीत लिहिणारे हा फरक बऱ्याचदा जाणून करतात. म्हणून 'परमेश्वर बळ देवो' ऐवजी 'बळ मिळो' असं केलं. वळण आपल्या रिवाजाचं राहिलं, कर्ता मोकळा ठेवला. भाविकाने त्यात देव ऐकावा, हरकत नाही.

दुसरी अडचण मदतीच्या वाक्याची. मालकांनी सुचवलं, 'आम्ही सदैव तुमच्या पाठीशी उभे आहोत' असं भारदस्त घाला. सभेला ते फार आवडलं असतं. पण त्या घरात तेव्हा ग्रॅच्युइटी आणि पीएफची कागदपत्रं चालू होती, धाकट्याची नोकरी ठरायची होती. 'पाठीशी उभे' हे चारचौघांत मोठ्याने वाचलं गेलं की तो शब्द दिल्यासारखं होतं, आणि साहेब तर नोकरी देणारा मालक नव्हे, गिऱ्हाईक. त्याने सौजन्य लिहिलं होतं, आश्वासन नव्हे. 'आमच्याकडून काही करता येण्यासारखं असेल तर निःसंकोच कळवा' यात दोन्ही गोष्टी नीट राहतात. मालक जरा हिरमुसले, पण मुलाला पटलं.

सहीच्या आधीची ओळ सोपी होती. 'सहानुभूती' मराठीत वरून खाली येते, त्यात किंचित कीव असते. 'शोकाकुल' घरच्यांनी आणि जवळच्या आप्तांनी लिहायचं. 'लोभ असावा' तर इथे भलतंच. 'भावपूर्ण श्रद्धांजली' मालकांनी शेवटी मागितलीच. ती गेलेल्या माणसाला वाहतात. पत्र मागे राहिलेल्यांना आहे, त्यांचं सांत्वन करायचं असतं. सभेतल्या फलकावर ती होतीच, पत्रात नको.

अखेर गेलेलं पत्र असं:

'आदरणीय श्रीमती …… यांना,

सविनय नमस्कार.

मास्तर गेल्याचं कळलं आणि धक्काच बसला. आजार मोठा होता हे आम्हाला ठाऊक होतं, तरी ते यातून उठतील अशी आशा आम्ही सगळेच धरून होतो. तुमच्या घरावर कोसळलेल्या या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

कामाच्या निमित्ताने मी आजवर पुष्कळांशी वाद घातले. पण मास्तरांशी वाद घालण्यात जी मजा होती, ती कुणाशीच नव्हती. एखादी गोष्ट पटली नाही की ते तसूभर हलत नसत. एकदा दोन लॉटच्या शेडमध्ये फरक आहे म्हणून त्यांनी माल अडवला. मला तर फरक दिसत नव्हता. मी म्हणालो, पाठवा. ते म्हणाले, नाही. कंटेनर थांबला आणि मी चिडलो. मग त्यांनी दोन टॉवेल उन्हात नेऊन शेजारी शेजारी धरले, आणि मला गप्प बसावं लागलं. त्यांचंच बरोबर होतं. बहुतेक वेळा ते तसंच असायचं.

एका जानेवारीत त्यांनी मला नंदीध्वजांची मिरवणूक दाखवली. पांढऱ्या बाराबंदीतले मास्तर मला आजही दिसतात. कारखान्यात इतके ताठ उभे राहिलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी तुमच्या घरी जेवलो. तुम्ही वाढत गेलात, मी खात गेलो. तुमच्या शेंगाचटणीचा ठसका मला अजून आठवतो.

अंत्यविधीला येता आलं नाही, याची फार खंत वाटते. या दिवसांत तुमची आणि मुलांची आम्हाला सारखी आठवण येते. हे दुःख सोसण्याचं बळ तुम्हा सर्वांना मिळो. आमच्याकडून काही करता येण्यासारखं असेल, तर निःसंकोच कळवा.

आपल्या दुःखात सहभागी,
……'

खाली बारीक अक्षरात 'मूळ इंग्रजी पत्राचा मराठी अनुवाद' एवढंच, आणि मूळ पत्राची प्रत जोडलेली. साहेबाची सही मूळावरच राहू दिली. अनुवादावर स्कॅन केलेली सही चिकटवायची मागणी होते, पण त्या मराठी शब्दांवर त्याने सही केलेली नसते. 'कारखान्यात इतके ताठ' हे वाक्य माझं नाही, मूळातलंच आहे. मसुद्यात ते सुटलं होतं असं नाही, फक्त 'ते उत्कृष्ट पवित्र्यात होते' असं झालं होतं.

पत्र देण्याआधी पुतणीकडून माझ्यासमोर एकदा मोठ्याने वाचून घेतलं. 'निःसंकोच' शब्दावर ती अडखळली. 'अगदी मोकळेपणाने कळवा' करू का म्हटलं, तर ती म्हणाली नको, सवय करते. 'तसूभर'चा अर्थ तिने विचारला, पण काकूला कळेल म्हणाली. शिवगणाराधनेला मी नव्हतो. मुलाने नंतर फोनवर सांगितलं, की कंटेनरच्या ठिकाणी खात्यातली माणसं हसली, दोघातिघांना तो दिवस आठवत होता, आणि कुणीतरी ती ऑर्डर नेमकी कोणत्या हॉटेलची होती यावरून शेजारच्याशी वाद घातला.

पुढे उत्तराचं काम आलं. आपल्याकडे सांत्वनाला एकेकट्याने उत्तर देत नाहीत, फार तर वर्तमानपत्रात एक ऋणनिर्देश छापतात. इंग्रजी रिवाजात मात्र चार ओळींचं आभारपत्र जातं. बाईंनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजी केलं. त्या म्हणाल्या, 'पत्र पोचलं, बरं वाटलं म्हणावं. गड्ड्याला आले तर घरी जेवायला यायचं.' हे आपल्याकडे सौजन्याचं बोलणं की खरं आमंत्रण, ते मी विचारून घेतलं, कारण इंग्रज माणूस असं वाक्य वाचून तिकीट काढतो किंवा विसरून जातो, मधलं काही करत नाही. त्या म्हणाल्या, खरंच यायचं. म्हणून इंग्रजीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीच्या सुमारास, जानेवारीच्या मध्यावर असते हे घातलं, आणि मुलाचा फोन नंबर दिला.